दर महिन्याला बिटकॉइन घ्यायचा की रेषेची वाट पाहायची? २०० आठवड्यांच्या सरासरीवर एक हिशेब

बिटकॉइन दहा वर्षं ठेवायचा असं ठरवून जो माणूस पहिल्यांदा एक्सचेंजवर खातं उघडतो, त्याला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले मिळतात. एक जण सांगतो, दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम टाक आणि चार्टकडे बघूच नकोस. दुसरा म्हणतो, एवढा खाली-वर होणारा माल डोळे मिटून कशाला घ्यायचा, चार्ट बघ, स्वस्त झाला की घे. पहिल्या पद्धतीला डॉलर-कॉस्ट अ‍ॅव्हरेजिंग किंवा डीसीए म्हणतात, दुसरीला टेक्निकल एंट्री. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण दोघांपैकी कोणीही आकडे मांडून दाखवत नाही, म्हणून हा लेख.

टेक्निकल एंट्रीचे शेकडो प्रकार आहेत. चार तासांच्या चार्टवरचा आरएसआय, गोल्डन क्रॉस, फिबोनाची वगैरे. दहा वर्षं ठेवणाऱ्याला त्यांतल्या बहुतेकांचा उपयोग नाही, कारण ती हत्यारं काही दिवसांत किंवा आठवड्यांत विकून बाहेर पडणाऱ्यांसाठी घडवलेली आहेत. लांब पल्ल्याच्या लोकांमध्ये एकच रेषा खरोखर चालते, ती म्हणजे २०० आठवड्यांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. म्हणून मी सगळी तुलना तिच्याशीच करणार आहे.

पहिली पायरी: रेषा नीट काढा

गेल्या २०० आठवड्यांच्या बंद भावांची बेरीज करून २०० ने भागलं की आजचा बिंदू मिळतो. दर आठवड्याला सर्वांत जुना भाव गळतो आणि नवा आत येतो. २०० आठवडे म्हणजे साधारण तीन वर्षं दहा महिने. बिटकॉइनचं हाविंग, म्हणजे नव्या बिटकॉइनचा पुरवठा निम्म्यावर येणं, दर चार वर्षांच्या आसपास होतं, त्यामुळे ही सरासरी जवळजवळ एक पूर्ण चक्र पोटात घेते. ती संथ चालते ती त्यामुळेच.

ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवर चिन्ह `INDEX:BTCUSD` निवडा, कालावधी `1W` करा, इंडिकेटरमध्ये साधी मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे `SMA` घ्या आणि `Length` मध्ये `200` टाका. नवखा माणूस इथे तीन ठिकाणी घसरतो. `EMA` निवडली तर ती ताज्या भावांना जास्त वजन देते आणि रेषा वेगळ्याच जागी दिसते. कालावधी दिवसाचाच राहिला तर २०० दिवसांची सरासरी मिळते, जी पूर्णपणे निराळी गोष्ट आहे. आणि ज्या एक्सचेंजचा डेटा चार वर्षांपेक्षा कमी आहे त्याचा चार्ट उघडला तर रेषा उमटतच नाही, किंवा अगदी शेवटी तुकडाभर दिसते. तपासायला सोपी खूण अशी: जून २०२२ वर जा. तिथे रेषा २२,४०० डॉलरच्या आसपास दिसली पाहिजे. मार्च २०२० मध्ये ती ५,५०० च्या आसपास होती. हे दोन बिंदू जुळले तर रेषा बरोबर आहे.

आता नियम. ‘भाव रेषेजवळ आला की घेईन’ हा नियम नव्हे, ती इच्छा झाली. मी इथे असा नियम धरतो: आठवडा रेषेखाली बंद झाला, तर साठवलेली सगळी रोकड त्याच बंद भावाच्या आसपास वापरायची. आठवडा रविवारी मध्यरात्री `UTC` प्रमाणे संपतो. त्याआधी भाव रेषेखाली डोकावून परत वर गेला तर ते धरायचं नाही.

दुसरी पायरी: हप्त्यांचं गणित समजून घ्या

समजा दर महिन्याच्या एक तारखेला १०० डॉलर, जानेवारी २०२२ पासून. भाव हजारात पूर्ण करून घेतो: ४६, ३८, ४३, ४६, ३८, ३२, २०, २३, २०, १९, २० आणि डिसेंबरला १७ हजार. या बारा भावांची साधी सरासरी येते सुमारे ३०,२००. पण वर्षअखेर हातात असतो ०.०४५६ बिटकॉइन, आणि १,२०० डॉलरला त्याने भागलं तर आपली खरेदीची सरासरी पडते सुमारे २६,३००.

हे जवळपास चार हजार डॉलर आले कुठून? भाव ४६ हजार असताना शंभर डॉलरमध्ये ०.००२२ बिटकॉइन येतो, भाव १७ हजार असताना ०.००५९. रक्कम तीच ठेवल्यामुळे स्वस्त महिन्यांत आपोआप जास्त माल येतो आणि सरासरी खाली ओढली जाते. भाव जितका जास्त हेलकावे खाईल तितका हा फरक मोठा. संथ चालणाऱ्या मालात तो नगण्य असतो, बिटकॉइनमध्ये डोळ्यांत भरतो. मात्र हे लक्षात ठेवा की डिसेंबर २०२२ ला भाव १७ हजार होता आणि सरासरी २६ हजार. म्हणजे इतकं सगळं करूनही माणूस एक तृतीयांशाहून जास्त तोट्यातच होता. डीसीए तोटा टाळत नाही.

हप्त्यांची दुसरी मर्यादा फार कमी जण सांगतात. जसजसं गाठोडं मोठं होतं तसतसा नवा हप्ता दुबळा होत जातो. दुसरा हप्ता तुमच्या एकूण पैशाचा निम्मा असतो, पंचविसावा हप्ता फक्त पंचविसावा भाग. तिसऱ्या वर्षी भाव कोसळला आणि तुम्ही नेहमीचेच शंभर टाकले, तर सरासरी जेमतेम हलते. चार्टवाल्यांच्या बाजूने मला पटणारा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच आहे.

तिसरी पायरी: दोघांना एकाच रस्त्यावर चालवा

पहिला रस्ता, सुरुवात जानेवारी २०२२. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९ हजारांच्या आसपास शिखर गाठून उतरायला लागला होता. हप्तेवाला जानेवारी ते जून सहा हप्ते भरतो, ६०० डॉलर, आणि त्याच्याकडे ०.०१५१ बिटकॉइन जमतो. वाट पाहणारा तेच ६०० बाजूला ठेवतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्याचा शेवट सुमारे २०,५०० वर, म्हणजे रेषेखाली होतो. तो सगळे पैसे लावतो आणि त्याला ०.०२९३ बिटकॉइन मिळतो. जवळजवळ दुप्पट. चार्टवाले हाच रस्ता दाखवतात आणि तो खरा आहे.

दुसरा रस्ता, सुरुवात एप्रिल २०२०. मार्चच्या पडझडीत भाव ४,००० च्या आसपास जाऊन परत आलेला, एक एप्रिलला सुमारे ६,४००, रेषेच्या थोडा वर. हप्तेवाला लगेच सुरू करतो. वाट पाहणारा म्हणतो, आत्ताच तर रेषेखाली जाऊन आला, पुन्हा येईल. भाव त्यानंतर ९ हजार, ११ हजार, २९ हजार, ५९ हजार असा चढतो. रेषेखालचा बंद भाव थेट जून २०२२ मध्ये दिसतो, म्हणजे सव्वीस महिन्यांनी. तोवर हप्तेवाल्याने सत्तावीस हप्ते भरलेले असतात. २,७०० डॉलर आणि ०.१३०७ बिटकॉइन, सरासरी सुमारे २०,७००. वाट पाहणारा त्या दिवशी २,७०० डॉलर २०,५०० ला लावतो आणि त्याला मिळतो ०.१३१७.

बरोबरी! सव्वीस महिने हातात एक सातोशी, म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भागही नाही, नियम काटेकोर पाळला, रविवारची मध्यरात्रही चुकवली नाही, आणि बक्षीस ०.००१ बिटकॉइन. तेही हिशेब नेमका त्याच्या सर्वांत सोयीच्या दिवशी थांबवला म्हणून. तोच हिशेब मे २०२२ ला थांबवला असता तर त्याच्याकडे शून्य होतं.

असं का झालं हे कळलं की सगळा विषय कळला. तो ज्या रेषेची वाट पाहत होता ती जागेवर थांबलेली नव्हती. सुरुवातीला ती साडेपाच-सहा हजारांवर होती, भाव तिच्यापर्यंत उतरला तेव्हा ती २२,४०० वर चढलेली होती. चढत्या बाजारात जुने स्वस्त भाव २०० आठवड्यांच्या खिडकीतून गळतात आणि नवे महाग भाव आत येतात. म्हणजे तुम्ही जितके दिवस थांबता तितका ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थच महाग होत जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३५ हजारांच्या आसपास ज्याने याच नियमाने थांबायला सुरुवात केली, त्याने पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये भाव एक लाखाच्या वर गेलेला पाहिला, आणि मधल्या काळात एकदाही इशारा आला नाही. पुढे कधी भाव रेषेला टेकला तरी ती रेषा ३५ हजारांच्या किती वर असेल, हा प्रश्न त्याने आधी विचारायला हवा होता.

शिखरानंतर सुरुवात केली तर थांबणं फळतं, तळानंतर केली तर फळत नाही. आणि आपण शिखरानंतर आहोत की तळानंतर हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर रेषेची गरजच पडली नसती.

चौथी पायरी: इशारा आला त्या दिवशी काय होतं ते बघा

वरच्या हिशेबात वाट पाहणारा माणूस यंत्र आहे. मी यंत्र नव्हतो. माझ्या वहीत २०२२ च्या मे महिन्याचं एक पान आहे. वर निळ्या शाईत लिहिलंय, ‘२२,४०० खाली बंद, सगळे.’ खाली काळ्या शाईत, जूनची तारीख घालून, ‘आधी १८ बघू.’ आणि त्याखाली पेन्सिलने, ‘१२?’

त्या महिन्यात काय चाललं होतं ते आठवून बघा. मे महिन्यात टेरा-लुना हे क्रिप्टो नाणं शून्यावर गेलं होतं. १२ जूनला सेल्सियस या क्रिप्टोवर कर्ज देणाऱ्या कंपनीने ग्राहकांना पैसे काढणं बंद केलं. रोज नवीन कोणीतरी बुडत होतं. रेषा मी शांत महिन्यात काढली होती, पण ती लागू होण्याचा दिवस कधीच शांत नसतो, कारण भाव उगाच तिथवर येत नाही. मी ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा जूनमध्ये लावला आणि उरलेला पुढच्या वर्षी २८ हजारांच्या वर. सरासरी काढली तेव्हा डोळे मिटून हप्ते भरणाऱ्यापेक्षा काही फारसं पुढे नव्हतो.

त्यामुळे टेक्निकल नियम ठेवायचा असेल तर तो बोटांवर सोडू नका. इशारा आल्यावर रकमेचे चार भाग करा आणि लागोपाठ चार सोमवारी, भाव काहीही असो, एकेक भाग लावा. एका दिवशी सगळं लावायला हात धजत नाही, चौथा भाग लावायला धजतो. थोडा भाव सुटेल किंवा थोडा मिळेल, पण पैसे लागतील.

पाचवी पायरी: मिश्र योजना आणि तिची खरी किंमत

मी आता जे करतो ते असं. शंभरातले ८० दर महिन्याला आपोआप लागतात. २० राखीव राहतात आणि ते फक्त रेषेखाली आठवडा बंद झाला तर सुटतात. पण प्रत्येक वीसला बारा महिन्यांची मुदत आहे. एप्रिलमध्ये बाजूला ठेवलेले वीस पुढच्या एप्रिलपर्यंत वापरले गेले नाहीत तर ते त्या महिन्याच्या हप्त्यात जातात. त्यामुळे राखीव पेटी २४० डॉलरच्या वर कधीच फुगत नाही आणि एकाच दिवशी मोठी रक्कम शिखरावर लावायची वेळही येत नाही.

हीच योजना दोन्ही रस्त्यांवर चालवली. जानेवारी २०२२ ची सुरुवात: जूनअखेर ०.०१७९ बिटकॉइन, नुसत्या हप्त्यांपेक्षा १९ टक्के जास्त. एप्रिल २०२० ची सुरुवात: ०.१२३१, नुसत्या हप्त्यांपेक्षा जवळपास ६ टक्के कमी. कमी का, तर पहिल्या आठ महिन्यांचे वीस-वीस डॉलर ६ ते १५ हजारांच्या भावात लागायचे, ते मुदत संपल्यावर ३५ ते ६० हजारांच्या भावात लागले.

म्हणजे मिश्र योजना फुकट नाही. ती वाईट रस्त्यावर थोडं खाते आणि चांगल्या रस्त्यावर बरं देते. ज्याला तो ६ टक्क्यांचा फटका नको असेल त्याने सरळ शंभरचे शंभर हप्त्यात टाकावेत, त्यात काही चूक नाही. राखीव हिस्सा निम्म्याच्या वर नेणाऱ्याने मात्र आपण हप्ते भरत नसून वाट पाहत आहोत हे स्वतःशी कबूल करावं.

एक खुलासा हवाच. हे सगळं दर महिन्याच्या कमाईतून घेणाऱ्यासाठी आहे. एकरकमी मोठी रक्कम आधीच हातात असेल तर ती हप्त्यांत वाटणं म्हणजे सुद्धा एक प्रकारे वाट पाहणंच आहे, आणि चढत्या बाजारात त्याचीही किंमत द्यावी लागते. सहा महिन्यांत वाटून मोकळं होणं मला मधला मार्ग वाटतो. त्याहून लांबवण्यात फक्त मनाचं समाधान आहे.

सहावी पायरी: कुठे गळतंय ते तपासा

रेषेवरून वाद घालणारे लोक आपलं एक-दोन टक्के दरमहा कुठे जातं हे बघत नाहीत. एक्सचेंजवर ‘आपोआप खरेदी’चं बटण असतं ते सोयीचं असतं, पण अनेकदा त्यात दाखवलेल्या शुल्काशिवाय भावातच फरक मिसळलेला असतो. ओळखायचं असं: खरेदी झाली त्या मिनिटाचा बाजारभाव टिपून घ्या, मिळालेल्या बिटकॉइनला त्याने गुणा, आणि भरलेल्या रकमेतून वजा करा. शंभर भरून अठ्ठ्याण्णवचाच माल आला असेल तर तुमचा खरा खर्च दोन टक्के आहे, पावतीवर काहीही लिहिलेलं असो. तेव्हा बाजारभावाच्या किंचित खाली लिमिट ऑर्डर लावणं बहुधा स्वस्त पडतं. पण ती दिवसअखेर भरली नाही तर रद्द करून मार्केट ऑर्डरने, म्हणजे असेल त्या भावाला घ्यायचं, नाहीतर हप्त्याच्या नावाखाली पुन्हा वाट पाहणं सुरू होतं.

नोंद साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. `A` मध्ये तारीख, `B` मध्ये शुल्कासह भरलेले पैसे, `C` मध्ये प्रत्यक्ष मिळालेला बिटकॉइन, `D` मध्ये ‘हप्ता’, ‘रेषा’ किंवा ‘मुदत संपली’ एवढा एकच शब्द. एकूण सरासरी आणि हप्त्यांची वेगळी सरासरी अशी मिळते:

```
=SUM(B2:B500)/SUM(C2:C500)
=SUMIF(D2:D500,"हप्ता",B2:B500)/SUMIF(D2:D500,"हप्ता",C2:C500)
```

`D` हा रकाना कंटाळा करून सोडू नका. दोन वर्षांनी रेषेने तुम्हाला खरंच काही दिलं का, हे फक्त तोच सांगतो. त्यात ‘वाटलं म्हणून’ अशा अर्थाच्या नोंदी दिसायला लागल्या तर तुमच्याकडे नियम उरलेला नाही.

शेवटचं, स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवण्याबद्दल. दर हप्त्यानंतर लगेच बाहेर काढला तर वॉलेटमध्ये लहान लहान तुकडे साठतात. पुढे एकत्र पाठवताना प्रत्येक तुकड्यामागे शुल्क बसतं, कारण बिटकॉइनचं शुल्क रकमेवर नसून व्यवहाराच्या आकारावर असतं. `bc1q` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरचा एक तुकडा सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट्स घेतो. चोवीस तुकडे म्हणजे सुमारे १,६३२. शुल्काचा दर प्रत्येक व्हर्च्युअल बाइटला ५० सातोशी असेल तर फक्त त्या तुकड्यांचेच ८१,६०० सातोशी गेले, म्हणजे भाव ६० हजार असताना जवळपास ४९ डॉलर, तुमचा अर्धा हप्ता. २० एप्रिल २०२४ ला, हाविंगच्या दिवशी, एका व्यवहाराचं सरासरी शुल्क १०० डॉलरच्या वर गेलं होतं. त्या दिवशी शंभर डॉलरचा तुकडा हलवणं म्हणजे तो देऊनच टाकणं. मी तीन महिन्यांचे हप्ते साठले की एकदा हलवतो, आणि त्याआधी `mempool.space` वर दर बघून एक आकडी असेल तरच.